करार तीन वर्षांचा, भाडेमुदत किती?

निलंग्याच्या मुख्य रस्त्यावरचा एखादा गाळा कंपनीने शाखेसाठी घेतला, की करारात बहुधा अशी कलमे असतात: मुदत तीन वर्षे, ती संपल्यावर भाडेकरूची इच्छा असेल तर आणखी तीन वर्षे, त्यानंतर पुन्हा तीन वर्षे. हा करार किती वर्षांचा धरायचा? जागामालक तीन वर्षे सांगेल, कारण भाड्याची हमी तेवढ्याच काळाची आहे. शाखा उघडणारा अधिकारी नऊ सांगेल, कारण शाखा तीन वर्षांत गुंडाळण्यासाठी कोणी उघडत नाही. हिशेब लिहिणाऱ्याला मात्र दोन उत्तरे चालत नाहीत. त्याला वह्यांत एकच आकडा मांडावा लागतो, आणि त्या आकड्यावर कंपनीच्या ताळेबंदात किती देणे दिसणार हे ठरते.

पूर्वी हा प्रश्न फारसा अडत नव्हता. दर महिन्याचे भाडे त्या महिन्याचा खर्च म्हणून लिहिले की काम भागत असे. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे लेखामानक लागू झाले आणि चित्र बदलले. जानेवारी 2016 मध्ये जाहीर झालेल्या आयएफआरएस 16 या आंतरराष्ट्रीय मानकाचा हा भारतीय अवतार. त्यानुसार भाडेकरूने पुढे द्यायच्या भाड्यांचे आजचे मूल्य काढायचे, ते भाडेदायित्व म्हणून कर्जासारखे ताळेबंदात दाखवायचे, आणि त्यासमोर जागा वापरण्याच्या हक्काची मालमत्ता मांडायची. मालमत्तेवर दरवर्षी घसारा काढायचा आणि दायित्वावर व्याज. किती वर्षांची भाडी मोजायची, हे भाडेमुदतीवर अवलंबून असल्यामुळे मुदत ठरवणे ही या हिशेबाची पहिली पायरी झाली.

हे मानक सगळ्यांना लागू नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आणि 250 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक नक्त मूल्य असलेल्या कंपन्या, तसेच त्याच मर्यादेतल्या बिगर-बँक वित्त कंपन्या त्याखाली येतात. बँकांसाठी इंड एएस रिझर्व्ह बँकेने मार्च 2019 मध्ये पुढे ढकलले. त्यामुळे एकाच इमारतीत खाली सोनेतारण कर्ज देणारी शेअर बाजारात नोंदलेली वित्त कंपनी आणि वर एखादी बँक असेल, तर दोघींचा भाडेकरार शब्दशः सारखा असूनही हिशेब वेगळा लिहिला जाईल.

एक शाखा, एक करार

समजा, अशाच एका सोनेतारण कंपनीने निलंग्यात गाळा घेतला. करार 1 एप्रिल 2024 पासून सुरू. पहिली तीन वर्षे कोणालाही मोडता येत नाहीत. त्यानंतर तीन-तीन वर्षांची दोन नूतनीकरणे फक्त भाडेकरूच्या मर्जीने होतात. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी लेखी कळवले की जागामालकाला नाही म्हणता येत नाही. भाडे महिना 25,000 रुपये, आणि दर नूतनीकरणाला 15 टक्के वाढ. म्हणजे चौथ्या वर्षापासून 28,750 आणि सातव्या वर्षापासून 33,062 रुपये.

कंपनीने गाळ्यात काँक्रीटची स्ट्राँगरूम बांधली, फरशी बदलली, काउंटर आणि वायरिंग केले. उचलून नेता येणार नाही अशा या कामावर 8 लाख रुपये गेले. असे काम साधारण आठ वर्षे टिकते असा तिचा अंदाज आहे. खुर्च्या, संगणक, तिजोरीतले कपाट हे सामान उचलून दुसरीकडे नेता येते, म्हणून ते या हिशेबात धरायचे नाही. आकडे उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत, पण करारातली कलमे रोजच्या व्यवहारातली आहेत.

आधी हक्क, मग खात्री

मुदत ठरवताना दोन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात, आणि त्यांचा क्रम बदलला की उत्तर चुकते. पहिला प्रश्न कायद्याचा आहे: भाडेकरूला जागेत राहण्याचा बंधनकारक हक्क किती वर्षांपर्यंत आहे? दुसरा प्रश्न अर्थकारणाचा: त्या मर्यादेच्या आत तो प्रत्यक्षात किती वर्षे राहील अशी वाजवी खात्री आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर करारातल्या शब्दांत असते. आपल्या उदाहरणात नूतनीकरण भाडेकरूच्या एकट्याच्या हातात आहे, म्हणून बाहेरची मर्यादा नऊ वर्षे. मात्र त्याच जागी ‘उभयतांच्या संमतीने नूतनीकरण करता येईल’ असे वाक्य असते, तर उत्तर तीन वर्षे झाले असते. हे वाक्य भाडेकरारांत सर्रास आढळते. वाचताना ते सवलतीसारखे वाटते, पण त्यातून भाडेकरूला काहीच मिळत नाही. दोघे राजी झाले तर नवा करार होतो, हे कलम नसतानाही खरेच असते. ज्या हक्काला समोरचा माणूस नकार देऊ शकतो, तो या हिशेबात हक्क नाही.

जागामालकाच्या हक्काची गोष्ट याच्या उलट आहे. ठरलेल्या मुदतीच्या मध्येच करार मोडण्याची मुभा फक्त जागामालकाला असेल, तर भाडेकरूच्या वह्यांत ती मुभा मोजायची नाही. मालकाने मोडला नाही तर भाडेकरूला भाडे द्यावेच लागणार आहे, म्हणून तो काळ न मोडता येणाऱ्या मुदतीतच धरायचा.

काही वेळा करारात नसलेला हक्क कायद्याकडून मिळतो, म्हणून भाडे नियंत्रण कायदाही पाहावा लागतो. मराठवाड्यात पूर्वी 1954 चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा होता. 31 मार्च 2000 पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ने घेतली. मुदत संपली तरी जुन्या भाडेकरूला सहज बाहेर काढता येत नाही, हा समज या कायद्यांमुळे रुजला आहे. पण 1999 च्या अधिनियमाचे कलम 3 बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना भाड्याने दिलेल्या जागांना संरक्षणाबाहेर ठेवते. इंड एएस लागू असलेली कंपनी बहुतेक वेळा या अपवादात बसते. म्हणून ‘कायद्याने आम्हाला कोणी काढू शकत नाही’ हे कारण देऊन मुदत लांबवण्याआधी भागभांडवल तपासावे. निलंग्यातल्या किराणा दुकानदाराला जे संरक्षण मिळेल, ते शेजारच्या मोठ्या कंपनीला मिळेलच असे नाही.

वाजवी खात्री म्हणजे किती?

मानकाने टक्केवारी दिलेली नाही. नूतनीकरण होण्याची शक्यता न होण्यापेक्षा थोडी जास्त आहे, एवढ्याने भागत नाही. पट्टी त्याहून बरीच वर आहे. पण शंभर टक्के खात्रीही लागत नाही. खात्री कोणाच्या बोलण्यावरून ठरवायची नसते. ‘आमचा इथे राहण्याचा इरादा आहे’ हे व्यवस्थापनाचे वाक्य पुरावा म्हणून कमजोर आहे. नूतनीकरण न केल्यास भाडेकरूचे इतके नुकसान होईल का, की शहाणा माणूस नूतनीकरण टाळणारच नाही? मानकाची भाषा थोडी वेगळी असली तरी तिचा रोख हाच आहे: नूतनीकरणासाठी भाडेकरूला ठोस आर्थिक कारण आहे का?

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याकडे पाहिले की हे लगेच कळते. एखाद्याने दुसऱ्याचे शेत ठोक्याने घेतले, ठोका एका हंगामाचा, पण पुढची दोन वर्षे ठेवायची की नाही हे ठरवण्याचा हक्क त्याचा. त्याने उसाची लागण केली. बेणे, नांगरट, सरी, मजुरी हा मोठा खर्च पहिल्याच वर्षी झाला. लागणीचे पीक तुटल्यावर शेतात खोडवा उभा राहतो आणि त्याला बेण्याचा खर्च लागत नाही. अशा वेळी शेतकरी शेत सोडेल का? सोडणार नाही, आणि हे त्याला न विचारता सांगता येते. खोडव्यानंतर निडवा ठेवायचा का, हा प्रश्न मात्र मोकळा असतो. तोवर उत्पादन घटलेले असते, जमीन थकलेली असते, आणि दुसऱ्या शेतात नवी लागण करणेही परवडू शकते. तोच माणूस, तेच शेत, तोच हक्क. तरी पहिल्या वेळी खात्री आहे आणि दुसऱ्या वेळी नाही. दोन्ही वेळांमध्ये फरक पडला तो आधी केलेल्या खर्चातून अजून किती मिळायचे आहे याचा.

मानकाने याच पद्धतीने काही खुणा सांगितल्या आहेत. वाढीव काळाचे भाडे बाजारभावापेक्षा कमी आहे का? जागेत केलेल्या कामाला, निवड करण्याची वेळ येईल तेव्हा, अजून मोठी किंमत उरलेली असेल का? जागा सोडण्याचा, नवी शोधण्याचा, सामान हलवण्याचा खर्च किती? आणि ही विशिष्ट जागा भाडेकरूच्या धंद्याला किती महत्त्वाची आहे?

यांतली शेवटची खूण हमखास चुकीची वाचली जाते. कंपनी निलंग्यात राहणार, हे जवळजवळ पक्के असू शकते. खरिपाच्या पेरणीआधी बियाणे आणि खतासाठी दागिने गहाण ठेवणारे शेतकरी औराद शहाजानी, कासार शिरसी या भागांतून येत राहतील, आणि कंपनीला तालुक्याच्या गावी शाखा लागेलच. पण यावरून कंपनी याच गाळ्यात राहील हे सिद्ध होत नाही. शंभर पावलांवर तसाच गाळा मिळत असेल, तर गावाचे महत्त्व गाळ्याच्या खात्यात जमा करता येत नाही. विचारायचे ते इमारतीबद्दल, आणि बाजारपेठेबद्दलची खात्री त्यात मिसळू द्यायची नाही.

गाळ्याचा हिशेब

आता उदाहरणातल्या दोन्ही नूतनीकरणांची वेगवेगळी परीक्षा घेता येते. वेगवेगळी, कारण एकाच करारातले दोन हक्क एकाच निकालाला पात्र असतात असे नाही.

पहिली तीन वर्षे मार्च 2027 मध्ये संपतात. तोवर 8 लाखांच्या कामाला तीन वर्षे झालेली असतील. आठ वर्षांच्या हिशेबाने त्यात अजून 5 लाखांचे मोल उरलेले असेल. कंपनीने जागा सोडली तर ते भिंतीतच राहील. हे नुकसान पुढच्या तीन वर्षांवर, म्हणजे 36 महिन्यांवर पसरले तर महिन्याला सुमारे 13,900 रुपये होतात. इथे राहिल्यास भाडे 28,750 रुपये. म्हणजे दुसरीकडचा गाळा 14,850 रुपयांच्या आत मिळाला तरच हलणे परवडेल, आणि त्यात सोने सुरक्षितपणे हलवण्याचा, ग्राहकांना कळवण्याचा, नव्या जागेचा विमा आणि परवाने करण्याचा खर्च अजून धरलेला नाही. मुख्य रस्त्यावर निम्म्या भाड्यात तसाच गाळा मिळण्याची आशा नसेल, तर पहिल्या नूतनीकरणाची वाजवी खात्री आहे असे म्हणता येते.

दुसरी तीन वर्षे मार्च 2030 मध्ये संपतात. तेव्हा कामाला सहा वर्षे झालेली असतील आणि उरलेले मोल 2 लाख. महिन्याला सुमारे 5,550 रुपये. भाडे 33,062 असेल, म्हणून दुसरा गाळा साडेसत्तावीस हजारांना मिळाला तरी हलण्याचा विचार करता येईल. हा फरक सतरा टक्क्यांच्या आसपास आहे, आणि सहा वर्षांनंतरच्या बाजारात इतका फरक असणार नाही असे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय फरशी आणि काउंटर तोवर नव्याने करण्याची वेळ जवळ आलेली असेल. तो खर्च जुन्या जागेत करायचा की नव्या, हा निर्णय त्या वेळी मोकळा असेल. इथे वाजवी खात्रीची पट्टी गाठली जात नाही.

म्हणून भाडेमुदत सहा वर्षे. मालक तीन म्हणत होता आणि अधिकारी नऊ, तरी सहा हा आकडा दोघांच्या मधला म्हणून निवडलेला नाही. दोन हक्कांपैकी एक परीक्षेत उतरला आणि दुसरा उतरला नाही, म्हणून तो आला.

तीन, सहा किंवा नऊ वर्षे धरल्याने किती फरक पडतो, हे चौकटीत दिसते. सोपेपणासाठी भाडे दरवर्षी एकदा, वर्षाच्या शेवटी दिले असे धरले आहे. आजचे मूल्य काढण्यासाठी 10 टक्के व्याजदर घेतला आहे. कंपनीला तेवढ्याच मुदतीचे आणि तशाच तारणावरचे कर्ज काढताना जो दर पडला असता, तोच इथे वापरतात.

> चौकट: मुदत बदलली की पहिल्या दिवसाचा आणि पहिल्या वर्षाचा हिशेब
>
> | भाडेमुदत | ताळेबंदातले दायित्व | पहिल्या वर्षाचा घसारा | पहिल्या वर्षाचे व्याज | एकूण खर्च |
> |---|---|---|---|---|
> | 3 वर्षे | 7.46 लाख | 2.49 लाख | 0.75 लाख | 3.23 लाख |
> | 6 वर्षे | 13.91 लाख | 2.32 लाख | 1.39 लाख | 3.71 लाख |
> | 9 वर्षे | 19.48 लाख | 2.16 लाख | 1.95 लाख | 4.11 लाख |
>
> तिन्ही ओळींत पहिल्या वर्षी प्रत्यक्ष दिलेले भाडे एकच आहे: 3 लाख रुपये. आकडे जवळच्या हजारापर्यंत घेतल्यामुळे बेरजेत किंचित फरक दिसू शकतो.

जागामालकाच्या खात्यात तिन्ही परिस्थितींत तेवढेच पैसे गेले, तरी कंपनीचे कागदावरचे कर्ज अडीचपटीहून अधिक बदलू शकते. मुदत लांब धरली की पहिल्या वर्षांतला खर्चही वाढतो, कारण सुरुवातीला व्याज जास्त असते आणि पुढच्या वाढीव भाड्याचा भार घसाऱ्यातून आधीच येऊ लागतो. एका शाखेत खर्चातला फरक काही हजारांचा आणि कर्जातला काही लाखांचा आहे. शेकडो शाखा असलेल्या कंपनीत मात्र त्यावर कर्ज आणि भांडवलाचे गुणोत्तर हलते. मुदत कमी धरण्याचा मोह इथूनच येतो, आणि तो ओळखण्यासाठी कंपनीच्याच वह्यांतली एक जागा पुरेशी असते.

दोन आकडे एकमेकांशी बोलले पाहिजेत

ती जागा म्हणजे गाळ्यातल्या कामाचा घसारा. कंपनीने भाडेमुदत तीन वर्षे धरली, पण स्ट्राँगरूम आणि फरशीचा घसारा आठ वर्षांवर काढला, तर तिने स्वतःच दोन उलट विधाने केली आहेत. घसाऱ्याच्या वहीत ती सांगते, की हे काम आपण आठ वर्षे वापरणार. भाड्याच्या वहीत सांगते, की तीन वर्षांनंतर इथे राहण्याची खात्री नाही. लेखापरीक्षक हा विरोध पहिल्या झटक्यात पकडतो. दोन्हींपैकी एक बदलावे लागते: मुदत वाढवायची, किंवा काम तीन वर्षांत पूर्ण खर्ची टाकायचे.

आयएफआरएस मानकांच्या अर्थनिर्णय समितीने नोव्हेंबर 2019 मध्ये याच विषयावर निर्णय दिला. न हलवता येणाऱ्या कामाचे आयुष्य भाडेमुदतीपेक्षा जास्त धरायचे असेल, तर मुदत संपल्यावरही त्या कामाचा लाभ मिळेल का हे तपासा. आणि भाडेमुदत ठरवताना त्या कामाचा विचार करा, असा त्याचा सार. आपल्या उदाहरणात मुदत सहा वर्षे ठरली, तेव्हा 8 लाखांचे कामही सहा वर्षांतच घसाऱ्यात संपवणे सुसंगत ठरते, कारण सातव्या आणि आठव्या वर्षी ते वापरले जाईल याची खात्री कंपनीनेच नाकारली आहे. आठ वर्षांचे आयुष्य निवडीच्या क्षणीचे मोल मोजायला उपयोगी होते. मुदत ठरल्यावर वह्यांत सहाच राहतात.

अकरा महिन्यांची वाट

तालुक्याच्या गावात अकरा महिन्यांचा करार जास्त दिसतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, आणि ती टाळण्याच्या सवयीतून अकराचा आकडा देशभर रूढ झाला. लेखामानकातही बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाड्याला सवलत आहे: दायित्व न दाखवता भाडे सरळ खर्च म्हणून लिहिता येते. अकरा महिन्यांचे करार करत राहिलो की ताळेबंदात काहीच येणार नाही, हा निष्कर्ष सोपा वाटतो. तो काही करारांत बरोबर आहे आणि काहींत नाही.

अकरा महिने संपले की करार संपला, पुढे राहायचे तर मालकाची नवी संमती आणि नवा करार लागतो, अशी स्थिती असेल तर भाडेकरूला पुढचा हक्कच नाही. तो दहा वर्षे असे करार करत आला असला तरी पहिल्या प्रश्नावरच उत्तर संपते. मुदत संपूनही तो भाडे देत राहिला आणि मालक घेत राहिला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, करारात वेगळे काही नसेल तर, हे भाडे महिन्यागणिक चालते आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. लांब मुदतीचा हक्क त्यातून तयार होत नाही.

दुसरा प्रकार वेगळा. ‘कोणीही नोटीस दिली नाही तर करार आपोआप अकरा-अकरा महिन्यांनी वाढत राहील’ असे कलम असेल, तर अर्थनिर्णय समितीचा 2019 चा निर्णय नेमका याच करारांना लागतो. अशा करारात बंधन कुठे संपते? मानक सांगते, की दोघांनाही एकमेकांच्या परवानगीशिवाय आणि नगण्य दंडावर बाहेर पडता येत असेल तिथे. समितीने स्पष्ट केले, की दंड म्हणजे करारात लिहिलेली रक्कम एवढेच नव्हे. बाहेर पडल्याने होणारे सगळे आर्थिक नुकसान त्यात धरायचे. गाळ्यात 8 लाखांची स्ट्राँगरूम बांधून बसलेल्या कंपनीला अकरा महिन्यांत निघायचे झाले तर तिचे नुकसान नगण्य नाही. अशा वेळी करार अकरा महिन्यांच्या पलीकडेही बंधनकारक ठरतो, आणि मग वाजवी खात्रीचा दुसरा प्रश्न विचारावा लागतो. मानकाची आणखी एक सूचना इथे लागू पडते: न मोडता येणारा काळ जितका छोटा, तितके नूतनीकरण होण्याची शक्यता जास्त, कारण दर वर्षी जागा बदलण्याचा खर्च कोणालाच पेलत नाही.

म्हणून करारावरचा अकराचा आकडा पाहून सवलत घेण्याआधी नूतनीकरणाचे कलम शब्दशः वाचावे लागते. ‘नवा करार करता येईल’ आणि ‘करार पुढे चालू राहील’ या दोन वाक्यांत एकाचे दायित्व शून्य आहे आणि दुसऱ्याचे काही लाखांचे.

मधेच काही बदलले तर

सहा वर्षे हा निकाल 1 एप्रिल 2024 च्या माहितीवर दिलेला आहे. तो दर तिमाहीला नव्याने तपासायचा नसतो. मोठी घटना घडली किंवा परिस्थिती लक्षणीय बदलली, तो बदल भाडेकरूच्या हातातला असला आणि नूतनीकरणाच्या निर्णयावर त्याचा परिणाम होत असला, तरच मुदतीचा फेरविचार करायचा.

‘हातातला’ ही अट ठरवून घातलेली आहे. समजा, 2028 मध्ये निलंग्यात मुख्य रस्त्यावरची भाडी एकदम वाढली, आणि कंपनीचे ठरलेले 33,062 रुपये स्वस्त वाटू लागले. दुसऱ्या नूतनीकरणाची शक्यता वाढली खरी, पण बाजारभाव कंपनीने वाढवलेला नाही. फेरविचार नाही. बाहेरून वळणरस्ता झाला आणि गर्दी दुसरीकडे सरकली, तरी तेच. प्रत्येक बाजारी चढउताराबरोबर दायित्व हलू लागले तर हिशेब स्थिर राहणार नाहीत, म्हणून मानकाने ही रेषा आखली.

आता दुसरी शक्यता. मार्च 2028 मध्ये, चौथे वर्ष संपताना, कंपनीने शाखेचा व्याप वाढल्यामुळे शेजारची खोली फोडून मोठी स्ट्राँगरूम केली आणि त्यावर आणखी 6 लाख रुपये घातले. करार करताना हे मनात नव्हते. हा बदल पूर्णपणे तिच्या हातातला आहे. मार्च 2030 मध्ये या नव्या कामाला दोनच वर्षे झालेली असतील आणि त्यात मोठे मोल उरलेले असेल. दुसऱ्या नूतनीकरणाचा निकाल आता बदलतो आणि उरलेली मुदत दोनऐवजी पाच वर्षे होते. उरलेल्या भाड्यांचे आजचे मूल्य त्या दिवशीच्या नव्या व्याजदराने काढायचे. तो दरही 10 टक्केच निघाला असे धरले, तर दायित्व 5.99 लाखांवरून 14.14 लाखांवर जाते, आणि तेवढीच वाढ वापरहक्काच्या मालमत्तेत होते. त्या दिवशी नफ्या-तोट्यावर काही परिणाम नाही. तो पुढच्या वर्षांच्या घसाऱ्यातून आणि व्याजातून येतो.

उलट दिशेनेही असे घडते. मुख्य कार्यालयाने निलंग्याची शाखा लातूरच्या शाखेत विलीन करण्याचा निर्णय घेतला आणि तो पहिल्या निवडीआधी झाला, तर पहिल्या नूतनीकरणाची खात्री गेली. हाही निर्णय कंपनीचाच, म्हणून मुदत कमी करून दायित्व आणि मालमत्ता दोन्ही घटवावी लागतात. शिवाय एका गोष्टीला ‘हातातले’ आहे का हे पाहावेच लागत नाही: मुदतीत न धरलेले नूतनीकरण कंपनीने प्रत्यक्ष केले, किंवा धरलेले केले नाही, की मुदत त्याच दिवशी बदलते.

निकालाचा कागद

या विषयातला वाद बहुतेक वेळा वर्षअखेरीला होतो, आणि तेव्हा करार झाला त्या दिवशी काय ठाऊक होते हे कोणालाच आठवत नाही. म्हणून शाखा सुरू होतानाच एक पानाची नोंद ठेवतात: नूतनीकरणाचे कलम जसेच्या तसे, न हलवता येणाऱ्या कामाचा खर्च आणि त्याचे आयुष्य, निवडीच्या तारखेला उरणारे मोल, त्या रस्त्यावरच्या दोन-तीन गाळ्यांची चालू भाडी, आणि कंपनीने अशाच आकाराच्या गावांतल्या शाखा आजवर सरासरी किती वर्षे चालवल्या. शेवटचा आकडा कामाचा आहे, पण एकट्याने पुरेसा नाही. शाखा पूर्वी टिकल्या त्यामागचे आर्थिक कारण या गाळ्यालाही लागू पडते का, हे सोबत लिहावे लागते.

जे नूतनीकरण मुदतीत धरले नाही, तेही वाचकापासून लपत नाही. आर्थिक विवरणांसोबतच्या टिपांमध्ये कंपनीने नूतनीकरणाचे हक्क कसे तपासले, आणि दायित्वात न धरलेल्या काळासाठी पुढे किती भाडे द्यावे लागू शकते, याची माहिती देण्याची अपेक्षा आहे. निलंग्याच्या गाळ्याबाबत ही रक्कम सातव्या ते नवव्या वर्षाचे भाडे, म्हणजे सुमारे 11.90 लाख रुपये. ताळेबंदात तिचा एक पैसाही नाही, पण टिपांमध्ये ती सापडते, आणि सर्व शाखांची अशी बेरीज पाहून मुदत आखडती धरलेली कंपनी ओळखता येते.